साडेनऊच्या पेपरसाठी झोप कधी बदलायची?

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठेच्या बाजूला रात्री एकच्या सुमाराला चक्कर मारली, तर अभ्यासिकांच्या खिडक्यांत ट्यूबलाइट जळताना दिसतात. चोवीस तास उघड्या असलेल्या अभ्यासिकांत रात्रीच्या जागांना मागणी असते, कारण तेव्हा शांतता असते, फोन वाजत नाही आणि घरून कोणी काही विचारत नाही. यूपीएससी किंवा एमपीएससी करणारी बरीच मुलंमुली मग हळूहळू रात्रीची होतात. तीनला झोपायचं, साडेनऊला उठायचं, मेसचा नाश्ता चुकवून थेट चहावर यायचं. अभ्यास होत असतो, त्यामुळे यात काही बिघडलंय असं वाटत नाही. अडचण परीक्षेच्या दिवशी येते. यूपीएससीची पूर्वपरीक्षा सकाळी ९.३० ला सुरू होते आणि अर्धा तास आधी केंद्राचं दार बंद होतं. म्हणजे ज्या वेळी या मुलांचं शरीर अजून झोपेत असतं, त्या वेळी त्यांना ‘सामान्य अध्ययन’चे १०० प्रश्न सोडवायचे असतात.

‘त्या दिवशी लवकर उठू’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. उठता येतं, यात शंका नाही. गजर लावला की माणूस उठतोच. पण डोळे उघडणं आणि डोकं चालू होणं यांत अंतर असतं, आणि या पेपरला ते अंतर परवडत नाही. प्रत्येक प्रश्नाला २ गुण आहेत आणि चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.६६ गुण कापले जातात. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे’ यातला ‘अयोग्य’ हा शब्द नजरेतून निसटला, तर येत असलेल्या प्रश्नावर पावणेतीन गुणांच्या आसपास फरक पडतो. अर्धवट जागं डोकं नेमक्या अशाच चुका करतं. माहिती विसरत नाही, वाचायला चुकतं.

या लेखात म्हणून एकच गोष्ट तपशिलात घेतो. रात्री तीनला झोपणाऱ्या विद्यार्थ्याने परीक्षेच्या वेळेशी आपलं शरीर जुळवायचं कसं, किती दिवस आधी सुरुवात करायची, आणि त्यात अभ्यासाचे तास कुठे बसवायचे.

आधी शरीरात काय चालतं ते समजून घेऊ, कारण ते समजलं नाही तर पुढचं वेळापत्रक हट्टी वाटेल. झोप दोन गोष्टींच्या मेळाने येते. एक म्हणजे दाब. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागे राहाल तितका झोपेचा दाब वाढतो आणि झोपलात की तो उतरतो. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. तुम्ही किती वेळ जागे आहात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते आपल्या चालीने दिवसाच्या ठरावीक वेळी शरीराचं तापमान चढवतं, रात्री उतरवतं आणि झोपेआधी साधारण दोन तास मेलाटोनिन सोडायला लागतं. आलेक्झांडर बोर्बेली या स्विस संशोधकाने १९८२ मध्ये झोपेची ही दुहेरी मांडणी केली आणि आजही झोपेचा विचार तिच्याच आधाराने होतो.

या घड्याळाच्या दोन खोड्या परीक्षार्थ्याने लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी, की माणसाचं आतलं घड्याळ बहुतेकांत चोवीस तासांपेक्षा थोडं जास्त लांब असतं. मोकळं सोडलं तर ते रोज थोडं उशिराकडे सरकतं. म्हणून रात्री जागायची सवय आपोआप लागते आणि लवकर उठायची सवय मात्र लावावी लागते. दुसरी खोडी अशी, की नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास हे घड्याळ तुम्हाला उलट जास्तच जागं ठेवतं. तीनला झोपणारी मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री शहाण्यासारखी दहाला आडवी झाली, तरी साडेबारा-एकला टक्क जागी असते. मग तिला वाटतं, परीक्षेच्या ताणाने झोप उडाली. ताण असतोच, पण ताण नसता तरी तिला त्या वेळी झोप आली नसती.

आता एक नमुना घेऊ. पूर्वपरीक्षा मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. विद्यार्थिनी तीनला झोपते, साडेनऊला उठते. तिला अकराला झोपून सहाला उठायचं आहे, म्हणजे उठण्याची वेळ साडेतीन तास मागे आणायची आहे. हे एका रात्रीत होत नाही आणि एका आठवड्यात जबरदस्तीने करूही नये. दर तीन दिवसांनी अर्धा तास, हा वेग बहुतेकांना झेपतो. पहिले तीन दिवस ९ ला उठायचं, पुढचे तीन दिवस ८.३० ला, मग ८, ७.३०, ७, ६.३० आणि शेवटी ६. सात टप्पे, एकवीस दिवस. त्यानंतर नव्या वेळेवर दोन आठवडे स्थिर राहायला मिळावेत. म्हणजे सुरुवात परीक्षेच्या पाच आठवडे आधी, एप्रिलच्या उत्तरार्धात करायला हवी. ज्यांना फक्त तासभर सरकायचं आहे त्यांना दहा-बारा दिवस पुरतात.

बारकाईने पाहा: या टप्प्यांत मी झोपण्याची वेळ कुठेच ठरवून दिलेली नाही. सरकवायची असते ती उठण्याची वेळ. झोपेला हुकूम देता येत नाही, उठण्याला देता येतो. अर्धा तास आधी उठलात की संध्याकाळपर्यंत दाब थोडा जास्त साठतो आणि त्या रात्री किंवा दुसऱ्या रात्री झोप आपोआप जरा आधी येते. डोळे जडावेपर्यंत अंथरुणाकडे जाऊ नका. वीस-पंचवीस मिनिटं झोप लागली नाही तर उठून खुर्चीत बसा, मंद उजेडात काहीतरी हलकं वाचा, आणि पेंग आली की परत जा. अंथरुणावर तासन्‌तास कूस बदलत पडणं ही सवय एकदा लागली की पडल्यापडल्या मेंदू जागा व्हायला शिकतो. अभ्यासही अंथरुणावर करायचा नाही, तो याचसाठी. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना हे अवघड जातं, कारण खोलीत बसायला दुसरी जागाच नसते. त्यांनी निदान उशी ठेवायच्या बाजूला पाय करून बसावं आणि झोपताना बाजू बदलावी.

घड्याळ सरकवणारी खरी किल्ली म्हणजे उजेड. इथे बरीच हुशार मुलं फसतात. सकाळचं ऊन घड्याळ पुढे आणतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. म्हणून तीनला झोपणारा मुलगा उत्साहाने एके दिवशी पाचचा गजर लावतो आणि सहाला गच्चीवर जाऊन उन्हात फेऱ्या मारतो. तीन दिवस हे करून पाहतो आणि अधिकच बिघडतो. कारण ‘सकाळ’ म्हणजे त्याच्या शरीराची सकाळ, पुण्याची नव्हे. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन तास आधी सर्वांत खाली जातं. त्यानंतर मिळालेला उजेड घड्याळाला लवकरच्या दिशेने नेतो. त्याआधी मिळालेला उजेड उशिराच्या दिशेने. साडेनऊला उठणाऱ्याचा तो बिंदू साडेसातच्या आसपास असतो. सहा वाजताचं ऊन त्याच्या शरीराला मध्यरात्रीच्या दिव्यासारखं लागतं आणि घड्याळ आणखी मागे पडतं. म्हणून टप्प्याटप्प्याने जायचं. पहिल्या टप्प्यात नऊला उठल्याबरोबर अर्धा तास बाहेरच्या उजेडात राहा: गच्ची, गॅलरी, दूध आणायला जाणं, काहीही. टप्पे सरकतील तसा तो बिंदूही सरकतो आणि शेवटच्या आठवड्यात सहाचं कोवळं ऊन खरोखर कामाचं ठरतं.

रात्रीचा उजेड याच्या उलट. अभ्यासिकेत डोक्यावर चार-चार पांढऱ्या ट्यूब असतात आणि त्यांच्याखाली रात्री अकरापर्यंत बसणं म्हणजे घड्याळाला ‘अजून संध्याकाळ आहे’ असं सांगणं. झोपायच्या अपेक्षित वेळेच्या दीड-दोन तास आधी अभ्यासिका सोडा आणि उरलेला अभ्यास खोलीत टेबललॅम्पच्या पिवळ्या उजेडात करा. मोबाइलचा उजेड ट्यूबच्या मानाने कमी असतो. मोबाइल झोप बिघडवतो तो बहुधा त्यातल्या मजकुरामुळे. टेलिग्रामवर कोणीतरी ‘अपेक्षित कटऑफ’ टाकतो आणि पुढचा तास जातो.

चहाबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण तो सोडा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही आणि सोडायची गरजही नाही. कॅफिन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवून बसतं. दाब कमी होत नाही, फक्त जाणवत नाही. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना कमी, काहींना बरेच जास्त. रात्री नऊला टपरीवर घेतलेल्या चहाचा निम्मा भाग दोन वाजताही अंगात असतो. झोप लागते, पण ती उथळ होते आणि कळत नाही. तेव्हा हिशेब असा ठेवा: शेवटचा चहा झोपेच्या सहा-सात तास आधी. पहिल्या टप्प्यात झोप अडीचला असेल तर संध्याकाळी सात-साडेसातचा चहा चालेल; अकराला झोपायला लागलात की तो साडेचारचा झाला पाहिजे. उठण्याची वेळ सरकवली आणि चहाची तशीच ठेवली, की चौथ्या-पाचव्या टप्प्याला गाडी अडते.

दुसरी अडचण रविवारची. सहा दिवस आठ-साडेसातला उठून सातव्या दिवशी साडेदहापर्यंत झोपलात, तर मधल्या दोन टप्प्यांची कमाई जाते. फारच थकवा असेल तर तासभर जास्त झोपा, त्याहून नाही. उरलेली भरपाई दुपारी करा. तिसरी अडचण संध्याकाळची डुलकी. सहाच्या सुमाराला अभ्यासिकेच्या टेबलावर डोकं टेकवून घेतलेली तासाभराची झोप त्या रात्रीचा साठवलेला दाब खर्च करून टाकते.

आता तासांचा हिशेब. तीन ते साडेनऊ ही साडेसहा तासांची झोप होती, अकरा ते सहा ही सात तासांची आहे. म्हणजे अभ्यासाला उपलब्ध वेळेत फक्त अर्ध्या तासाची घट झाली. रात्रीचे शांत तास गेल्याची हळहळ खरी असते, पण ते गेलेले नाहीत, सकाळी आले आहेत. नव्या वेळेवर आपल्या नमुन्यातल्या विद्यार्थिनीचा दिवस असा बसू शकतो. सहाला उठल्यावर पाऊण तास काहीही अवघड वाचायचं नाही. उठल्यानंतर डोकं पूर्ण चालू व्हायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो, आणि तेवढ्या वेळात लक्ष्मीकांतचं प्रकरण उघडणं वाया जातं. पावणेसात ते पावणेनऊ सर्वांत जड विषय. साडेनऊ ते साडेअकरा घड्याळ लावून जीएसचे प्रश्न, मग जेवण आणि विश्रांती. अडीच ते साडेचार सीसॅट. साडेपाच ते साडेआठ नोट्स, चालू घडामोडी, सकाळच्या चुकांची तपासणी. जेवणानंतर साडेनऊ ते सव्वादहा उजळणी. बेरीज केली तर पावणेदहा तास होतात. अभ्यासिकेत ‘चौदा तास केले’ म्हणणाऱ्याच्या मानाने हा आकडा लहान दिसेल. चौदा तासांत खुर्चीवर बसलेले तास आणि लक्ष असलेले तास वेगळे काढले, तर बहुतेकांचा आकडा याहून कमी भरतो.

साडेनऊ आणि अडीच या वेळा मी मुद्दाम परीक्षेच्याच ठेवल्या आहेत. शेवटचे दोन आठवडे तरी प्रश्न त्याच वेळी सोडवा, भले वाचन इकडेतिकडे होवो. दुपारच्या पेपरला याचं महत्त्व अधिक. सीसॅटमध्ये ८० प्रश्न असतात, फक्त ३३ टक्के मिळवायचे असतात, म्हणून विद्यार्थी तो हलक्यात घेतात आणि सराव रात्री करतात. पण दुपारी एक ते चारच्या दरम्यान घड्याळ स्वतःच थोडं ढिलं पडतं. जेवण जड असेल तर जास्त, पण जेवला नाहीत तरी ती सुस्ती येतेच. त्यात मे-जूनचा उकाडा. उताऱ्यावरचे प्रश्न याच सुस्तीत चुकतात: डोळे ओळीवरून जातात आणि अर्थ मागे राहतो. ज्याने सीसॅट कधीच दुपारी सोडवलेला नाही, त्याला हा अनुभव पहिल्यांदा परीक्षा केंद्रात येतो.

उपाय म्हणजे मोजकी वामकुक्षी. जेवण साडेबाराच्या आत, पोळीभाजी आणि ताक इतपत; मेसची फीस्ट असेल तर ती रात्रीसाठी राखा. एक ते एक वीस, गजर लावून झोप. वीस मिनिटांत गाढ झोप सहसा सुरू होत नाही, म्हणून उठल्यावर जडपणा राहत नाही. चाळीस-पन्नास मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा अर्धा-पाऊण तास चिडचिडीत जातो. ज्यांना दुपारी झोप येतच नाही त्यांनी डोळे मिटून पडावं, तेवढंही पुरतं. परीक्षेच्या दिवशी साडेअकरा ते दोन या वेळात नेमकं हेच करायचं आहे, शाळेच्या व्हरांड्यात किंवा झाडाखाली पिशवीवर डोकं टेकून. दोनला दार बंद होतं हे लक्षात ठेवून गजर दीडचा लावा, आणि सकाळच्या पेपरची उत्तरं जुळवणाऱ्या घोळक्यापासून लांब बसा.

रात्रीच्या उजळणीचं एक कारण आहे. कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्ये दोन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून ते झोपले की, तेवढाच वेळ जागे राहिल्यापेक्षा, त्यांना ते जास्त आठवत. झोपेत मेंदू दिवसभराचं वाचलेलं पक्कं करतो, हे नंतरच्या संशोधनाने अधिक तपशिलात दाखवलं. तेव्हा झोपेआधीचा उजळणीचा पाऊण तास नव्या वाचनासाठी वापरू नका. कलमं, वर्षं, समित्या, अभयारण्यं असा सुटा, पाठांतराचा माल तिथे ठेवा आणि सकाळी दात घासताना त्यातलं काय आठवतं ते पाहा.

‘मला पाच-साडेपाच तास पुरतात’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना सलग चौदा दिवस चार, सहा किंवा आठ तास झोपू दिलं. सहा तासवाल्यांची एकाग्रता रोज घसरत गेली आणि शेवटी रात्रभर जागलेल्या माणसासारखी झाली. पण पेंग किती येते असं विचारलं, तर ते थोडीशीच म्हणत. म्हणजे झोप कमी पडतेय की नाही हे ठरवायला स्वतःची भावना हा वाईट साक्षीदार आहे. वेगळ्या खुणा पाहा. सकाळी अकराला पुस्तक उघडल्यावर पाच मिनिटांत डोळे मिटतात का? सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास जास्त झोप लागते का? आणि सर्वांत उपयोगी खूण तुमच्या टेस्ट सिरीजमध्ये आहे. चुकलेल्या प्रश्नांसमोर दोनच खुणा करा: ‘माहीत नव्हतं’ आणि ‘माहीत होतं, चुकलं’. दुसऱ्या प्रकारच्या चुका दोन आठवडे वाढत असतील, तर नवं पुस्तक आणण्याआधी झोपेत अर्धा तास घाला आणि पुढच्या दोन टेस्टमध्ये फरक पाहा.

हे वेळापत्रक सर्वांना लागू नाही. नीटचा पेपर दुपारी दोनला असतो; तिथे रात्री एक ते सकाळी साडेआठ झोपणाऱ्याला फारसं सरकायची गरज नाही, पण दुपारच्या सुस्तीचा सराव मात्र हवाच. जेईई मेनमध्ये पाळी सकाळची येईल की दुपारची हे उशिरा कळतं, म्हणून सकाळची धरून चालावं. शिवाय बारावीच्या वयाला सात तास कमी पडतात; आठ तरी हवेत. रात्रपाळीची नोकरी करून अभ्यास करणाऱ्यांनी शक्य असेल तर परीक्षेआधीची रजा शेवटच्या चार दिवसांची न घेता दोन आठवड्यांची जमवावी, कारण चार दिवसांत घड्याळ सरकत नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री नऊला झोपायचा प्रयत्न करू नका; नेहमीच्या वेळी झोपा. झोप तुटक लागली, चारलाच जाग आली, तरी घाबरायचं कारण नाही. आधीचे दोन आठवडे नीट झोपला असाल तर एक वाईट रात्र निभते, आणि पेपरची धडधड सकाळी पुरेसं जागं ठेवते. मित्राकडची झोपेची गोळी त्या रात्री पहिल्यांदा घेऊन पाहणं मात्र महागात पडेल. तिचा अंमल सकाळी साडेनऊलाही उरलेला असू शकतो. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तसंच. आणि आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नाही असं महिनोन्‌महिने चाललं असेल, किंवा सात-आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल आणि रूम पार्टनर मोठ्याने घोरण्याची, मध्येच श्वास अडकण्याची तक्रार करत असेल, तर वेळापत्रक बदलून ते सुटणार नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जा, आणि परीक्षेनंतर जाऊ असं म्हणू नका.